सलामी कुठे संपते, कुस्ती कुठे सुरू होते: लढतीआधीच्या अभिवादनाबद्दल वारंवार विचारले जाणारे प्रश्न

तालमीत नव्याने पोरगा घातलेले पालक, मातीतून गादीवर आलेले मल्ल आणि पहिल्यांदाच मैदानाला आलेले पाहुणे हे प्रश्न हमखास विचारतात. उत्तरं महाराष्ट्रातल्या माती आणि गादीवरच्या कुस्तीला धरून दिली आहेत. इतर खेळांचा उल्लेख गरजेपुरताच आहे.

सलामी म्हणजे नेमकं काय? नुसतं हात मिळवणं का?

हात मिळवणं हा तिचा शेवटचा भाग. जत्रेच्या मैदानात जोड ठरली की दोन्ही मल्लांना घेऊन पंच हौद्यात येतो, नावं आणि गावं पुकारली जातात, इनाम जाहीर होतं. मल्ल आत पाय ठेवण्याआधी वाकून मातीला हात लावतो आणि तो कपाळाला नेतो. वस्ताद कडेला असतील तर त्यांच्या पाया पडतो. मग चिमूटभर नाही, चांगली मूठभर माती उचलून आपल्या अंगाला चोळतो आणि समोरच्याच्या खांद्यावर, पाठीवर टाकतो. समोरचाही तेच करतो. हे सगळं झालं की दोघं हातभर अंतरावर उभे राहतात, उजव्या पंजाला उजवा पंजा लागतो. वर्तमानपत्रात ‘सलामी झडली’ असं छापून येतं तो हा क्षण.

पंजा मिळाल्यावर बरेच जण हात छातीला किंवा कपाळाला लावून एक पाऊल मागे घेतात, मग खडाखडी, म्हणजे उभ्याने एकमेकांची ताकद अजमावणं, सुरू होते. काही जण मागे जातच नाहीत. या एका पावलाभोवतीच पुढचे बहुतेक प्रश्न फिरतात.

समोरच्याच्या अंगावर माती टाकणं अपमानाचं दिसतं. तसं नसतं ना?

उलट आहे. अंग तापवून आलेला मल्ल घामाने निथळत असतो आणि ओल्या अंगावर पकड बसत नाही. माती घाम शोषते, हाताला धर मिळतो. तुम्ही त्याच्या अंगाला माती लावता तेव्हा तुमचीच पकड पक्की करता, आणि त्याने तुम्हाला लावू दिली की तो निसटून जायच्या बेताने आलेला नाही हेही दिसतं. म्हणून माती मानेवर, खांद्यावर, दंडावर आणि पाठीवर टाकायची, म्हणजे जिथे पकड घ्यायची तिथे.

हौद्यातली माती शेतातून आणून ओतलेली नसते. तांबडी माती चाळून घेतात, तिच्यात ताक, लिंबू, हळद, तेल, कापूर असं काही ना काही मिसळतात आणि ती वारंवार उकरून मऊ ठेवतात. प्रत्येक तालमीचं प्रमाण वेगळं, आणि प्रत्येक वस्तादाला आपलंच बरोबर वाटतं.

चेहऱ्यावर मारलेली माती मात्र अभिवादनात बसत नाही. डोळ्यांत गेली तर कुस्ती थांबवून डोळे धुवावे लागतात, आणि मुद्दाम मारली असेल तर प्रेक्षकांच्या ते लगेच लक्षात येतं. पोराला पहिल्या दिवसापासून सांगायचं की हात खांद्याच्या वर न्यायचा नाही.

शड्डू ठोकणं हेही अभिवादन आहे का?

नाही, ते आव्हान आहे. मांडीवर किंवा दंडावर थाप मारून मल्ल आपण तयार असल्याचं सांगतो, हलगीचा ठेका वाढतो आणि लोक सावरून बसतात. शड्डू सलामीच्या आधी ठोकला तर कुणाला वावगं वाटत नाही. कुस्ती जिंकल्यावर पडलेल्या मल्लापुढे उभं राहून ठोकला तर मैदानातले जुने लोक तोंड फिरवतात. माझ्या मते त्यांचं बरोबर आहे.

गादीवरही असंच करायचं का?

गादीवर क्रम ठरलेला आहे. युनायटेड वर्ल्ड रेसलिंग या जागतिक संघटनेच्या नियमांत तो लिहिलेलाच आहे आणि आपल्याकडच्या अधिकृत स्पर्धा त्याच नियमांनी चालतात. पुकारा झाला की मल्ल आपापल्या कोपऱ्यात येतात, एक लाल, एक निळा, आणि कॉस्च्युमही त्याच रंगाचा. गादीच्या मधोमध एक मीटर व्यासाचं छोटं वर्तुळ असतं. पंच तिथे उभा राहून दोघांना आपल्या दोन बाजूंना बोलावतो आणि त्यांच्याशी हात मिळवतो. मग तपासणी होते: अंगावर तेल किंवा चिकट काही आहे का, घाम पुसला आहे का, हात मोकळे आहेत का. त्यानंतर मल्ल एकमेकांशी हात मिळवतात. मग शिट्टी, आणि शिट्टीनंतर कुस्ती.

मातीच्या मैदानात पंजा लागला की कुस्ती जुळली असं धरतात. गादीवर पंजा लागल्याने काहीच सुरू होत नाही. हा फरक पोराच्या अंगात मुरायला वेळ लागतो, कारण तालमीत त्याने शेकडो वेळा पंजा लागताच झेप घेतलेली असते.

पंच हात धरून उलटसुलट का बघतो? तो अभिवादनाचाच भाग आहे का?

दोन्ही कामं तो एकदमच उरकतो. हात हातात आला की नखं दिसतात, अंगठी किंवा कडं दिसतं, तळवा ओला आहे का तेही कळतं. मग त्याचा हात मल्लाच्या मानेवरून आणि दंडावरून फिरतो. तेल लावलं असेल तर बोटं सरकतात. घाम असेल तर कोपऱ्यातल्या प्रशिक्षकाला टॉवेल आणायची खूण होते.

गळ्यातला ताईत, मनगटातला गंडा, करदोटा, कानातली बाळी हे सगळं कॉस्च्युम घालतानाच काढून ठेवा. जखम करू शकेल अशी कुठलीही वस्तू अंगावर चालत नाही, मग ती देवाची असली तरी. आयत्या वेळी गंडा कापायला लागला की पोराचं लक्ष उडतं आणि आईचा जीव खालीवर होतो. गंडा घरीच सोडून देव्हाऱ्यात ठेवलेला बरा.

सलामी घेतानाच डाव टाकला तर तो धरला जातो का?

सगळ्यात जास्त वाद याच प्रश्नावर होतात, म्हणून थोडं सविस्तर सांगतो.

जत्रेच्या निकाली कुस्तीत ‘सलामीलाच चितपट’ हे कौतुकाचे शब्द आहेत. पंजा लागला, मागचा पाय स्थिरावला आणि त्याच झटक्यात समोरच्याचा एक पाय धरून एकेरी पट काढला, असा निकाल लोक वर्षानुवर्षं सांगत राहतात. तो डाव वैध, कारण पंजा लागला होता आणि पंचाने कुस्ती सोडली होती. पण मिळालेला हात न सोडता, तोच ओढून, समोरचा अजून मान झुकवून नमस्कार करत असताना पाठीमागे जाऊन कब्जा घेतला तर मैदानात कुजबुज सुरू होते. अशा वेळी पंच कुस्ती सोडवून पुन्हा सलामी घ्यायला लावू शकतो. इथे लेखी नियमापेक्षा पंचाची नजर आणि गावाचा रिवाज चालतो.

गादीवर असा वाद उरत नाही. शिट्टीआधी केलेलं काहीही धरत नाहीत.

एक उदाहरण घेऊ. पंधरा वर्षांचा एक पोरगा, चार वर्षं मातीत मेहनत केलेला, पहिल्यांदाच जिल्हा निवड चाचणीला गादीवर उतरतो. त्याचा हुकमी डाव म्हणजे पंजा लागताच समोरच्याच्या पुढच्या पायाचा एकेरी पट. लाल कोपऱ्यातून तो येतो, पंच हात बघतो, दोघांना जवळ घेतो. पंजा लागतो आणि पोरगा सवयीने खाली जातो. समोरचा पाठीवर आदळतो, मागे बसलेले गाववाले उठून उभे राहतात. पंच मात्र थांबवायची शिट्टी वाजवतो, दोघांना पुन्हा मध्यभागी आणतो आणि लाल मल्लाला तंबी देतो. फलकावर शून्य–शून्य.

यात गुण तर मिळाले नाहीतच, शिवाय त्याचा हुकमी डाव समोरच्याने फुकटात बघितला. आता निळा मल्ल पुढचा पाय मागे घेऊन, कंबर खाली सोडून उभा राहतो. पुन्हा पंजा, मग शिट्टी. लाल मल्ल तोच पट टाकतो, निळा पाय मागे फेकून अंगाचा सगळा भार त्याच्या मानेवर देतो, फिरून पाठीमागे जातो आणि कब्ज्याचे दोन गुण घेतो. प्रेक्षकांना वाटतं पंचाने कुस्ती फिरवली. खरं तर ती पोराच्या तालमीतल्या सवयीने फिरली.

यावर उपाय साधा आहे. स्पर्धेआधी महिनाभर तालमीतल्या प्रत्येक जोडीत पंजा आणि सुरुवात यांच्यामध्ये शिट्टी घाला, आणि तीही कधी लगेच, कधी दोन-तीन सेकंद उशिरा वाजवा. एकाच अंतराने वाजवली तर पोरगा शिट्टीऐवजी मनातले आकडे ऐकायला लागतो.

मग पंजा देताना उभं कसं राहायचं?

आदर दाखवायचा म्हणून पाय जुळवून, गुडघे ताठ ठेवून, कमरेतून पुढे वाकणारी पोरं मी पंच म्हणून खूप बघितली आहेत. मातीत तसं उभं राहणं म्हणजे पाय आयता हातात देणं.

पाय खांद्याइतके फाकलेले, गुडघे किंचित मोडलेले, वजन दोन्ही पायांवर. हात कोपरातून थोडा वाकवून पुढे करायचा, पूर्ण ताणायचा नाही, कारण ताणलेला हात ओढायला सोपा जातो. नजर समोरच्याच्या छातीवर. पंजाला पंजा लावायचा, मूठ आवळून हाडं मोडायची नाहीत. आणि पंजा सुटताच एक पाऊल मागे. यात उद्धटपणा काही नाही. वस्तादही असंच उभे राहतात.

वयाने बराच मोठा मल्ल समोर असेल तर काही पोरं त्याच्या गुडघ्याला हात लावतात. लावायला हरकत नाही. मात्र तो नमस्कार पंजा लागायच्या आधी उरकून घ्यावा.

समोरच्याने हातच दिला नाही तर?

तुमचा हात पुढे ठेवा आणि पंचाकडे बघा. बोलायचं काम पंचाचं. गादीवर दोघांना अभिवादन करायला लावल्याशिवाय पंच सहसा शिट्टीकडे वळत नाही. जत्रेत असं झालं तर यात्रा समितीतलं कुणीतरी पुढे येऊन दोन शब्द सुनावतं आणि पंजा मिळतो. गावकीचं जुनं भांडण मैदानात आलेलं असतं तेव्हाच बहुधा असं घडतं.

हात न देण्याची शिक्षा किती कडक असावी यावर जगभर वाद आहे. 2023 च्या जुलैमध्ये मिलानला तलवारबाजीची जागतिक स्पर्धा होती. युक्रेनच्या ओल्हा खारलानने रशियाच्या अॅना स्मिर्नोव्हाला 15–7 असं हरवलं, पण हात देण्याऐवजी तलवारीचं पातं पुढे केलं. त्या खेळात लढतीनंतर हात मिळवणं तेव्हा सक्तीचं होतं, त्यामुळे जिंकूनही ती अपात्र ठरली. देशावर युद्ध लादलेलं असताना हा नियम तसाच लावावा का, यावर एवढा गदारोळ झाला की संघटनेला थोड्याच दिवसांत सक्ती सैल करावी लागली. आंतरराष्ट्रीय ऑलिंपिक समितीने तिला पॅरिसमधल्या जागेची हमी दिली. 2024 मध्ये तिथे तिने वैयक्तिक कांस्य आणि सांघिक सुवर्ण जिंकलं.

मला स्वतःला वाटतं की हात मिळवण्याची सक्ती असावी, पण त्यापायी निकाल उलटू नये. दंड करा, समज द्या, गुण मात्र जिथे पडले तिथेच राहू द्यात.

माझी मुलगी ज्युदोही खेळते. तिथे आधी हात मिळवला म्हणून तिला टोकलं. असं का?

कारण ज्युदोच्या आंतरराष्ट्रीय नियमांत लढतीआधी हात मिळवायला मनाई आहे. तिथे अभिवादन म्हणजे कमरेतून वाकून केलेला नमस्कार. तो झाला की डावा पाय पुढे टाकून उभं राहायचं आणि पंचाच्या ‘हाजिमे’ या आज्ञेवर सुरुवात करायची. लढतीनंतरही वाकून नमस्कार सक्तीचा असतो. 2016 च्या रिओ ऑलिंपिकमध्ये इजिप्तच्या इस्लाम एल शेहाबीने इस्रायलच्या ओर सॅसनकडून हरल्यावर पुढे आलेला हात नाकारला आणि तो निघाला. पंचाने त्याला परत बोलावलं ते वाकून नमस्कार करायला. त्याने कशीबशी मान हलवली. पुढे त्याच्याच देशाच्या समितीने त्याला घरी धाडलं.

तेव्हा एकाच मुलीला दोन सवयी लावाव्या लागतील: गादीवर पंजा, ज्युदोच्या तातामीवर नमस्कार. मुलं हे पटकन शिकतात. गोंधळ पालकांचा होतो.

महाराष्ट्र केसरीत माती आणि गादी दोन्ही असतात. तिथे कुठली पद्धत?

माती विभाग आणि गादी विभाग वेगवेगळे खेळवतात आणि दोन्हींचे विजेते शेवटी किताबासाठी भिडतात. माती विभागातही पंच, शिट्टी आणि गुण असतात. जत्रेसारखी मोकळीक तिथे नाही. हौद्यातली माती कपाळाला लावणं, अंगावर टाकणं हे मातीत दिसतंच, पण सुरुवात शिट्टीची.

किताबाची लढत गादीवर होते. माती विभागातून आलेला मल्ल गादीच्या कडेला वाकून हात लावतो आणि तोच कपाळाला नेतो. तिथे उचलायला माती नसते, सवय मात्र हातात असते. मातीतल्या मल्लाला गादीची अडचण नवी नाही. गोळेश्वरचे खाशाबा जाधव 1948 ला लंडन ऑलिंपिकला गेले तेव्हा त्यांनाही गादी सवयीची नव्हती, तरी ते सहावे आले. 1952 ला हेलसिंकीत त्यांनी कांस्य आणलं.

कुस्ती झाल्यावर काय करायचं?

गादीवर दोघं पंचाच्या दोन बाजूंना उभे राहतात आणि पंच विजेत्याचा हात वर करतो. मल्लांनी एकमेकांशी आणि पंचाशी हात मिळवायचा, मग समोरच्या कोपऱ्यात जाऊन विरुद्ध प्रशिक्षकाशी. हे शेवटचं बरीच पोरं विसरतात, विशेषतः हरलेली, आणि ते नियमातच असल्यामुळे टाळल्यास शिस्तभंगाची कारवाई होऊ शकते. पोरगा रडत बाहेर पळायला लागला तर कोपऱ्यातल्या प्रशिक्षकाने त्याला थांबवून परत पाठवावं. खांद्यावर टॉवेल नंतर टाकता येतो.

मातीत चितपट झालेल्या मल्लाला जिंकणाराच बऱ्याचदा हात देऊन उठवतो, पाठीवरची माती झाडतो. मग तो इनाम घ्यायला पंचाकडे जातो.

हात मिळवून किंवा अंग लागून त्वचेचे रोग पसरत नाहीत का?

पंजापेक्षा खरा धोका पुढच्या सहा मिनिटांत आहे, जेव्हा मान, गाल आणि दंड घासले जातात. गजकर्ण, पुटकुळ्या, पू असलेल्या जखमा याच वाटेने पसरतात. म्हणूनच अधिकृत स्पर्धेत वजन घेण्याआधी डॉक्टर अंग तपासतात आणि संसर्ग दिसला तर मल्लाला उतरू देत नाहीत. तालमीत मात्र डॉक्टर नसतात, तिथे वस्तादांनीच बघावं लागतं. पोराच्या अंगावर गोल, कडेला लालसर, खाजणारा चट्टा दिसला तर त्याला जोडीत उतरवू नका. औषध घेऊन चट्टा पूर्ण बरा होईपर्यंत जोर, बैठका आणि दोरखंड यांवर भागवा. टॉवेल आणि लंगोट प्रत्येकाचा वेगळा, आणि सरावानंतर लगेच अंघोळ.

असा चट्टा असलेला पोरगा जोडीला आला तर त्याला पंजा देऊन परत पाठवावं, कुस्ती धरू नये.